राउंडची वही आणि त्याच संध्याकाळचा अर्धा तास

सरकारी मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन वॉर्डात युनिटच्या इमर्जन्सी डेच्या दुसऱ्या सकाळी जो राउंड होतो, त्यात तीस-पस्तीस रुग्ण सहज असतात. सर पुढे, त्यांच्या बाजूला रेसिडेंट केस पेपर उघडून उभा, मागे इंटर्न, आणि सगळ्यात मागे तिसऱ्या वर्षाची मुलं. या मुलांच्या हातात छोट्या वह्या असतात आणि दोन-अडीच तासांत त्या भरतातही. परीक्षेच्या आदल्या महिन्यात त्याच वह्या उघडल्या, तर बऱ्याचदा त्यांतून काही हाती लागत नाही. 'ॲसायटिसची कारणं' असं शीर्षक, खाली सहा ओळींची यादी. ती यादी पुस्तकात याहून चांगली छापलेली असते. ज्या रुग्णाच्या खाटेजवळ ती सांगितली गेली, तो रुग्ण मात्र वहीत कुठेच नसतो.

राउंडला काय टिपायचं आणि संध्याकाळी त्याचं काय करायचं, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. संध्याकाळी आपण काय करणार आहोत ते पक्कं असेल, तर सकाळी काय लिहायचं आणि काय सोडायचं ते आपोआप ठरतं. म्हणून एकच रुग्ण घेऊ आणि त्याच्यासोबत सकाळपासून तिसऱ्या दिवसापर्यंत जाऊ. रुग्ण नमुन्याचा आहे, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात असा एक तरी असतोच.

वय ४६, शेतमजूर, वीस वर्षं देशी दारू. पोट दोन महिन्यांपासून फुगत चाललंय, पंधरा दिवसांपासून पायांवर सूज, दोन दिवस ताप. तालुक्याच्या ठिकाणी आधी उपचार झालेत, लघवी वाढवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. तो स्वतः एवढंच सांगतो, "डॉक्टर, पोटाला तडस लागते." बायको पुढे सांगते, "रात्रभर जागेच असतात आणि दिवसा नुसते झोपून." सर मागच्या रांगेतल्या एका मुलीला पुढे बोलावतात आणि शिफ्टिंग डलनेस काढून दाखवायला सांगतात.

या क्षणी वही खिशात असायला हवी. सरांचा हात कुठे आहे, रुग्णाचा चेहरा कसा झालाय, ठोक्याचा आवाज नेमका कुठे बदलला, हे बघायचे आणि ऐकायचे क्षण असतात आणि ते लिहिता लिहिता निसटतात. ती मुलगी बेंबीपासून सुरुवात करते आणि डाव्या कुशीकडे ठोकत जाते. पोकळ आवाज जिथे भरीव होतो तिथे थांबते. मग रुग्णाला "मामा, माझ्याकडे वळा" म्हणते आणि तो वळेपर्यंत पोटावरचं बोट उचलते. सर तिथेच अडवतात. बोट होतं तिथेच राहिलं पाहिजे, रुग्ण उजव्या कुशीवर वळला की पाणी खाली उतरायला अर्धा मिनिट द्यायचं आणि मग त्याच जागी पुन्हा ठोकायचं. आता तिथे पोकळ आवाज आला, तरच भरीवपणा सरकला असं म्हणता येतं. बोट उचललं की आधीची जागा हरवते आणि पुढचं सगळं अंदाजाने होतं.

लिहायची वेळ येते ती युनिट पुढच्या खाटेकडे सरकताना. वीस-तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात या रुग्णाचं जे लिहून होईल ते साधारण असं दिसेल:

पु., ४६, शेतमजूर. पोट २ म., पाय १५ दि., ताप २ दि. 'तडस लागते.' रात्री जागा, दिवसा झोप (बायको). कावीळ +, फ्लॅप +. शि. ड. + : बोट उचलायचं नाही! टॅप ९००, ७०%. क्रि. १.६, आधी ०.९. लॅसिक्स बंद, का? अल्ब्युमिन ४ बाटल्या, ४ च का? उद्या काय बघायचं?

या आठ-दहा तुकड्यांमध्ये पुस्तकात मिळेल असं जवळजवळ काहीच नाही. रुग्णाचे स्वतःचे शब्द आहेत, आणि ते मराठीतच आहेत. ते वहीत तसेच ठेवावेत. पुढे लाँग केस मांडताना 'डिस्टेन्शन' म्हणायचं असतंच, पण परीक्षेत समोरच्या खाटेवरचा माणूस पुन्हा 'तडस', 'पोट जड', 'गच्च झाल्यासारखं' असंच बोलणार आहे. झोप उलटी झाल्याची गोष्ट बायकोने सांगितली, हेही लिहिलेलं आहे. यकृताच्या आजारात मेंदूवर परिणाम होऊ लागल्याची ती फार लवकरची खूण असते आणि रुग्ण स्वतः ती क्वचितच सांगतो. हाताने तपासताना काय सापडलं आणि काय चुकलं, ते आहे. आज काय ठरलं, ते आहे. आणि सगळ्यात मोलाचे ते तीन 'का' आणि 'काय' आहेत. ज्या गोष्टीचं कारण त्या क्षणी आपल्याला सांगता आलं नसतं, तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं. दुसऱ्या कुठल्या खुणेची गरज नाही.

मागच्या रांगेत काही वेळा सर काय बोलले ते ऐकूच येत नाही. अशा वेळी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवण्यापेक्षा जागा कोरी ठेवावी आणि राउंड संपल्यावर रेसिडेंटला विचारावं. ऑर्डर लिहून झाल्या की त्याला दोन मिनिटं असतात. "सर, लॅसिक्स का थांबवलं?" असा नेमका प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं. "सर, ही केस समजावून सांगा ना," म्हटलं तर सहसा मिळत नाही. परवानगी घेऊन केस पेपरवरचे आकडे तेव्हाच पडताळून घ्यावेत, कारण गर्दीत 'सात' आणि 'सतरा' सारखेच ऐकू येतात.

एक गोष्ट ठाम सांगतो. या वहीत रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, गाव यांतलं काहीही लिहायचं नाही. वय, स्त्री की पुरुष, आणि आजाराशी संबंध असेल तर व्यवसाय, एवढं पुरतं. केस पेपरचा फोटो काढून मुलांच्या ग्रुपवर टाकायची सवय सगळीकडे दिसते. ती चुकीची आहे. ती माहिती त्या माणसाची आहे आणि त्याने ती उपचारासाठी दिलेली आहे. शिवाय ज्याचा फोटो काढला ते आपण वाचत नाही, हा रोजचा अनुभव आहे. आपल्या हाताने लिहिलेल्या दहा तुकड्यांमधून रुग्ण आपल्याला ओळखता येतो, दुसऱ्या कोणाला येत नाही. तसंच असायला हवं.

राउंडनंतर ओपीडी, दुपारी लेक्चर, मग प्रॅक्टिकल. हॉस्टेलवर परतेपर्यंत पाच वाजतात. रात्रीच्या जेवणाआधीचा अर्धा तास या कामाला पुरतो, पण रुग्ण एकच निवडायचा. तीसपैकी पाच निवडले तर पाचही वरवरचे होतात. वहीत ज्याच्यापुढे सर्वांत जास्त प्रश्नचिन्हं आहेत किंवा ज्याचा उपचार आज बदलला, तो निवडावा. आपला ४६ वर्षांचा शेतमजूर दोन्ही कसोट्यांवर उतरतो.

आता वही बंदच ठेवायची आणि कोऱ्या कागदावर या रुग्णाची केस आठवेल तशी लिहून काढायची. पाच-सात मिनिटं. हे जड जातं आणि बहुतेक मुलं हीच पायरी गाळतात. त्याऐवजी सकाळचं अक्षर सुवाच्य करून, रंगीत पेनांनी ते दुसऱ्या वहीत उतरवतात. अर्धा तास गेला आणि ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही असा एकही प्रश्न समोर उभा राहिला नाही, तर ओळखावं की आपण फक्त नक्कल केली.

आठवून लिहिण्याचा फायदा चांगला तपासलेला आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा परत वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा परत वाचणारे ४२ वर आले होते आणि आठवून लिहिणारे ५६ वर. सुवाच्य नक्कल करताना 'आपल्याला हे येतंय' असं जे वाटतं, ते त्या पहिल्या पाच मिनिटांचं असतं.

कागद लिहून झाला की वही उघडायची आणि जुळवायचं. समजा, मुलीने पोट, सूज, ताप, कावीळ, टॅप, अल्ब्युमिन सगळं लिहिलं, पण झोपेची गोष्ट विसरली आणि क्रिएटिनिनचा जुना आकडा विसरली. जे गळलं त्यावर वर्तुळ काढायचं. गळालेल्या या दोन गोष्टींचाच आजच्या निर्णयांशी सर्वांत जवळचा संबंध आहे, हे तिला पुढच्या दहा मिनिटांत दिसेल.

पुस्तक उघडायचं ते आता, आणि तेही फक्त प्रश्नचिन्हांसाठी. लिव्हर सिऱ्होसिसचं अख्खं प्रकरण वाचायला बसलं की अर्धा तास संपतो आणि प्रश्न तिथेच राहतात.

सुरुवात टॅपच्या आकड्यांपासून होते. पोटातल्या पाण्यात एका घन मिलिमीटरमध्ये ९०० पेशी, त्यांपैकी ७० टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे ६३०. पाण्यातल्या न्यूट्रोफिल २५० किंवा त्याहून जास्त असतील आणि पोटात दुसरीकडे कुठे जंतूंचा उगम नसेल, तर त्या पाण्यात आपोआप जंतुसंसर्ग झाला असं धरतात आणि कल्चरची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करतात. त्याला वॉर्डात सगळे एसबीपी म्हणतात. सकाळी ९०० हा आकडा ऐकू आला होता, पण गुणाकार कोणी केला नव्हता. तो संध्याकाळी करावा लागतो.

मग लॅसिक्स. क्रिएटिनिन ०.९ वरून १.६ झालं, म्हणजे दीडपटीहून अधिक वाढलं. मूत्रपिंडाला इजा होत असल्याची ही खूण आहे, आणि अशा वेळी लघवी वाढवणारी दोन्ही औषधं थांबवतात. इथे विद्यार्थी नेहमी अडखळतो. पोट पाण्याने भरलंय, पायांवर सूज आहे, मग पाणी काढणारं औषध बंद कसं? उत्तर असं की पाणी आहे ते चुकीच्या जागी. या आजारात पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, जंतुसंसर्गाने आणखी सैल पडतात, आणि मूत्रपिंडाला मिळणारं रक्त कमी होतं. मूत्रपिंडाला वाटतं शरीर कोरडं पडलंय. त्यात लॅसिक्स दिलं तर उरलंसुरलं रक्तातलं पाणीही जातं.

अल्ब्युमिनचं उत्तरही याच धाग्यात आहे. ते रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात एसबीपीच्या रुग्णांना नुसतं अँटिबायोटिक दिलं तेव्हा ३३ टक्क्यांची मूत्रपिंडं बिघडली, सोबत अल्ब्युमिन दिलं तेव्हा १० टक्क्यांची. त्यातला डोस आजही पाळतात: निदान झाल्यावर पहिल्या सहा तासांत दर किलोला दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी दर किलोला एक ग्रॅम. रुग्णाचं वजन ५६ किलो. दीडने गुणलं की ८४ ग्रॅम. वॉर्डात अल्ब्युमिन २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत येतं, म्हणजे एका बाटलीत २० ग्रॅम. चार बाटल्या कुठून आल्या ते इथे कळतं, आणि तिसऱ्या दिवशी तीन लागणार हेही.

सरांनी सांगितलेलं आणि पुस्तकातलं नेहमी जुळेलच असं नाही. वॉर्डात अल्ब्युमिन संपलेलं असतं, रुग्णाला परवडत नाही, किंवा सर रुग्ण बघून वेगळा निर्णय घेतात. म्हणून डोस लिहिताना पुढे 'पु.' किंवा 'सर' असं एक अक्षर टाकावं. जुळलं नाही तर दुसऱ्या सकाळी विचारायला चांगला प्रश्न मिळतो. पुस्तकात पडताळल्याशिवाय कुठलाही डोस कार्डावर जाऊ देऊ नये. वहीतली चूक वहीतच पडून राहते, पण कार्डावरची चूक आपण पुनःपुन्हा पाठ करतो.

आता कार्डं. एका रुग्णामागे चार, फार तर पाच. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा जाड कागद किंवा फोनमधलं कार्डांचं ॲप, दोन्ही चालतं. कार्डावरचा प्रश्न कसा लिहिला यावर सगळं अवलंबून आहे. 'एसबीपीचे उपचार सांगा' हे वाईट कार्ड. त्याचं उत्तर लांबलचक असतं, अर्धं आलं तरी आपण 'आलं' म्हणतो. त्याऐवजी असं लिहावं:

४६ वर्षांचा पुरुष, सिऱ्होसिस, ताप. टॅपमध्ये ९०० पेशी, ७०% न्यूट्रोफिल. क्रिएटिनिन ०.९ वरून १.६. स्पायरोनोलॅक्टोन आणि लॅसिक्स चालू आहे. आज सकाळी काय थांबवाल, का?

मागे उत्तर दोन ओळींचं: दोन्ही थांबवीन, एसबीपी आणि मूत्रपिंडाला इजा, रक्तवाहिन्यांत रक्त आधीच अपुरं. दुसरं कार्ड हिशेबाचं, ५६ किलोच्या माणसाला पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी २० टक्के अल्ब्युमिनच्या किती बाटल्या. तिसरं कार्ड हाताचं, शिफ्टिंग डलनेस काढताना रुग्ण वळेपर्यंत बोट कुठे, आणि ठोकण्याआधी किती थांबायचं. या कार्डाचं उत्तर तोंडाने न देता रूममेटच्या पोटावर करून द्यायचं. चौथं कार्ड झोपेचं, रात्री जागा आणि दिवसा झोप असं बायको सांगते, तर तुम्ही पुढे काय तपासाल. हात पुढे करून मनगटं मागे वळवायला सांगून फ्लॅप बघीन, शौच किती वेळा होते ते विचारीन. कारण लॅक्टुलोज सुरू केलं की दिवसाला दोन-तीन सैल शौच होतील असा डोस ठेवतात, हेही त्याच कार्डाच्या मागे येतं.

ज्याचं उत्तर पुस्तकातही पुरतं समजलं नाही, त्याचं कार्ड करू नये. ते वेगळ्या ठिकाणी ठेवावं. ऑस्लर विद्यार्थ्यांना खिशात वही ठेवायला सांगत आणि रुग्णांच्या नोंदींचे तीन कप्पे करायला सांगत: स्पष्ट, संशयास्पद आणि चुका. शंभरावर वर्षं उलटली तरी ही वाटणी उपयोगी आहे, विशेषतः मधला कप्पा. जे स्पष्ट नाही ते स्पष्ट असल्यासारखं कार्डावर लिहिलं, की त्याबद्दल प्रश्न विचारायची इच्छाच संपते.

आणि एक ओळ भाकिताची. त्याच संध्याकाळी करायचं ते मुख्यतः यासाठी, की रुग्ण अजून वॉर्डात आहे. परवा काय होईल असं आपल्याला वाटतं, ते आज लिहायचं. पुस्तक सांगतं की अँटिबायोटिक लागू पडत असेल तर ४८ तासांनी परत टॅप केल्यावर न्यूट्रोफिल किमान २५ टक्क्यांनी कमी झालेले असतात. ६३० चा चौथा भाग साधारण १५८, म्हणजे आकडा ४७२ च्या खाली यायला हवा. 'परवा: ४७२ च्या खाली? क्रि. उतरलं? रात्री झोपला?' एवढी ओळ वहीच्या दुसऱ्या दिवसाच्या पानावर लिहून ठेवायची. आकडा खाली आला नाही तर अँटिबायोटिक बदलायचं का, किंवा आतडं कुठे फुटलं असावं का, अशी चर्चा राउंडला होणार. ती मुलगी त्या चर्चेला तयार होऊन उभी असेल, कारण भाकीत तिचं स्वतःचं आहे.

दुसऱ्या सकाळी युनिट यायच्या वीस मिनिटं आधी वॉर्डात जावं. रुग्णाला विचारून, त्याला त्रास होणार नाही एवढंच, पुन्हा शिफ्टिंग डलनेस काढावा, बोट न उचलता. पोटावरच्या शिरा बघाव्यात. काल कोणी विचारलं नसेल, पण बेंबीखालच्या शिरेत रक्त कोणत्या दिशेला वाहतंय हे दोन बोटांनी दाबून बघता येतं. पोर्टल हायपरटेन्शनमध्ये ते खाली पायांकडे जातं, खालची मोठी नीला अडली असेल तर वर छातीकडे. सापडलं तर पाचवं कार्ड तयार होतं.

कार्डं उजळण्यासाठी फार गुंतागुंतीचं वेळापत्रक लागत नाही. दुसऱ्या दिवशी एकदा, त्या आठवड्याच्या रविवारी एकदा, पोस्टिंग संपताना एकदा, मग टर्म एंडिंगच्या आधी. जे कार्ड तीनदा बिनचूक आलं ते मागे टाकायचं, जे चुकलं ते उद्याच्या गठ्ठ्यात परत. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात लॉगबुक आलं आहे आणि त्यावर सह्या घ्याव्या लागतात. ते वेगळं भरावं. लॉगबुक काय पाहिलं ते सांगतं, कार्डं काय येतं ते सांगतात, आणि ही दोन कामं एका वहीत कोंबली की दुसरं मागे पडतं.

पोस्टिंगच्या शेवटी कार्डं रुग्णानुसार न ठेवता एकत्र पिसावीत. दोन आठवड्यांनी त्याच वॉर्डात २८ वर्षांची बाई येते, पोट तेवढंच फुगलेलं, ताप, वजन घटलेलं. तिच्या टॅपमध्ये पेशी ८०० आहेत, पण बहुतेक लिम्फोसाइट. रक्तातलं अल्ब्युमिन ३.१, पाण्यातलं २.५, फरक ०.६. शेतमजुराच्या रक्तातलं होतं २.४, पाण्यातलं ०.८, फरक १.६. हा फरक १.१ किंवा जास्त असेल तर पोर्टल हायपरटेन्शन, कमी असेल तर दुसरं कारण शोधायचं, आणि आपल्याकडे अशा वयात पहिली शंका पोटाच्या टीबीची. त्यासाठी पाण्यातलं एडीए पाठवतात. मग एकाच कार्डावर दोन्ही रुग्ण शेजारी लिहायचे आणि मध्ये प्रश्न एकच: दोघांनाही ताप आहे, दोघांच्याही पाण्यात पेशी वाढल्यात, मग अल्ब्युमिन एकालाच का?